मग ती आली का नाही?

कुठल्याही कॉलेजचा वार्षिकांक उघडा आणि कथांची फक्त शेवटची ओळ वाचत जा. दोन-तीन तरी अशा सापडतीलच, ज्या तीन टिंबांवर संपतात. दार वाजतं, नायिका कडी काढते आणि समोर... संपलं. किंवा मोबाइलची स्क्रीन उजळते, तो नाव वाचतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. कुणाचं नाव? ते लेखकाला ठाऊक, आपल्याला नाही. लिहिणाऱ्याला विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, 'ओपन एंडिंग आहे, वाचकानं विचार करावा.' वाचक विचार करतोही, पण तो कथेचा नसतो. आपली वीस मिनिटं गेली, एवढाच असतो.

आणि तरीही काही कथा अशाच एखाद्या चित्रावर थांबतात, सगळं सांगत नाहीत, आणि चार दिवस डोक्यातून जात नाहीत. दोन्ही शेवट उघडेच. मग एका ठिकाणी फसवल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, हे कशामुळे?

सावलीतल्या माझ्या एका मैत्रिणीनं यंदा वार्षिकांकासाठी कथा लिहिली. तिचे तीन ड्राफ्ट मी वाचले. तिन्हींत गोष्ट तीच, माणसं तीच, फक्त शेवटचं पान बदलत गेलं. तिच्या परवानगीनं तेच इथं उलगडून सांगते, कारण यात जे घडलं ते कुठल्याही व्याख्येपेक्षा लवकर समजतं.

कथा तेंदूपत्त्याच्या हंगामातली. आपल्या भागातल्यांना सांगायला नको, पण पुरवणी बाहेरही जाते म्हणून थोडक्यात सांगते. उन्हाळ्यात थोडेच दिवस हा हंगाम चालतो. पहाटे अंधारात माणसं जंगलात जातात, पानं तोडून आणतात, घरी सगळे मिळून सत्तर पानांचा एक पुडा बांधतात आणि त्याच दिवशी फळीवर नेऊन मोजून देतात. पान त्याच दिवशी द्यावं लागतं. आणि आपल्याकडं जंगलात जायचं म्हणजे वाघाच्या घरात जायचं, हे वेगळं सांगायला नको.

कथेतली सुनंदा बारावी झालेली. गेल्या हंगामात तिचे बाबा पानं तोडायला गेले आणि वाघाच्या हल्ल्यात गेले. यंदा माय एकटीच जाते. सुनंदा घरी पुडे बांधते. तिचा नर्सिंगचा फॉर्म पेटीत भरून ठेवलेला आहे आणि भरायची तारीख उद्याची आहे. त्या दिवशी दुपारी बारा वाजून गेले तरी माय परतलेली नाही. कथा एवढीच.

पहिल्या ड्राफ्टचा शेवट असा होता: रात्र पडते. सुनंदा ओट्यावर बसलेली. कुंपणाजवळ पाचोळा वाजतो. ती उठते, हातातली बॅटरी त्या दिशेला धरते आणि बटण दाबते... तीन टिंबं.

आम्ही सहा जणांनी ती वाचली. सहाही जणांनी एकच प्रश्न विचारला, 'मग ती आली का नाही?' मैत्रीण खूश. म्हणाली, बघा, सगळ्यांना प्रश्न पडला! पण हा प्रश्न आणि तिला हवा असलेला प्रश्न वेगळे होते. 'आली का नाही' हा माहितीचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर अस्तित्वात आहे. सुनंदानं बटण दाबलं त्या क्षणी तिला ते दिसलं. म्हणजे कथेत जिच्या डोळ्यांनी आपण आठ पानं बघत आलो, तिला जे दिसलं ते नेमकं शेवटच्या सेकंदाला आपल्यापासून झाकलं गेलं. इथंच वाचक चिडतो. कथेत गूढ काहीच नव्हतं, लेखकानं हातानं झाकलं म्हणून ते गूढ वाटलं.

फसवणूक ओळखायची सगळ्यात सोपी परीक्षा मला यातून मिळाली. शेवटच्या ओळीत जे सांगितलेलं नाही, ते कथेतल्या मुख्य पात्राला माहीत आहे का? माहीत असेल आणि तरी आपल्याला कळत नसेल, तर बहुतेक वेळा ती लपवाछपवी असते. पात्रालाही माहीत नसेल, तर आपण त्याच्या शेजारी उभे असतो, आणि मग न कळण्याचं वाईट वाटत नाही.

यात मराठीची एक गंमत आहे. इंग्रजीत 'समवन केम' म्हटलं की बाई की बाप्या ते आपोआप झाकलं जातं. आपल्याकडं क्रियापदच चुगली करतं: आला, आली, आलं. त्यामुळे लपवायचं असलं की लेखक 'कुणीतरी आलं होतं', 'काहीतरी हललं' अशा नपुंसकलिंगी वाक्यांत शिरतो. मग 'असावं', 'वाटलं', 'जणू', 'की भास?' ही सगळी मंडळी येतात. आपल्या कथेच्या शेवटच्या परिच्छेदात असे शब्द दाट झाले असतील, तर तिथं काहीतरी झाकलं जातंय हे समजावं. अर्थ दुहेरी असणं आणि वाक्य धूसर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरं तर उलटं पाहिजे. ज्या चित्रावर कथा थांबवायची, ते चित्र कथेतलं सगळ्यात स्वच्छ वाक्य असायला हवं. कोणी, काय केलं, कुठल्या वस्तूला हात लावला, हे काचेसारखं दिसलं पाहिजे. उघडा राहायचा तो फक्त त्याचा अर्थ.

हे काही नवं नाही. वेताळ पंचविशी आपण सगळ्यांनी लहानपणी वाचलीय. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी वेताळ प्रश्न विचारतो आणि राजा उत्तर देतो, म्हणून वेताळ परत झाडावर. पण शेवटच्या गोष्टीत राजा गप्प राहतो. गोष्ट आठवतेय? एक राजा आणि त्याचा मुलगा जंगलात दोन बायकांच्या पावलांचे ठसे बघतात, एक मोठा, एक लहान. ठरतं की मोठ्या पावलांची ती बापाला, लहान पावलांची ती मुलाला. गाठ पडते तेव्हा कळतं की त्या मायलेकी आहेत, आणि लहान पावलं आईची आहेत. शब्द दिलेला असतो, म्हणून बाप मुलीशी लग्न करतो आणि मुलगा आईशी. आता या दोन जोडप्यांना मुलं झाली तर त्यांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर देता येत नाही.

इथं वेताळानं काहीच लपवलेलं नाही. कोण कोणाचं, कोणाचं लग्न कोणाशी, पाय कोणाचे लहान, सगळं सांगितलं. माहिती पूर्ण आहे, आणि म्हणूनच प्रश्न अडकतो. ठसे कोणाचे हेच सांगितलं नसतं, तर तो नुसता कंटाळा झाला असता.

आता याच्या विरुद्ध टोकाची कथा. अमेरिकन लेखक फ्रँक स्टॉकटनची 'द लेडी, ऑर द टायगर?' १८८२ मध्ये छापून आली. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकरांना नावच जवळचं वाटेल. राजा गुन्हेगाराला रिंगणात सोडतो, समोर दोन दारं. एकामागं वाघ, दुसऱ्यामागं सुंदर बाई, तिच्याशी लगेच लग्न. राजकन्येचा प्रियकर रिंगणात येतो. कुठल्या दारामागं काय आहे ते राजकन्येनं शोधून काढलेलं आहे. ती हळूच उजव्या दाराकडं खूण करते. तो उजवं दार उघडतो, आणि लेखक थांबतो.

माझ्या परीक्षेत ही कथा नापास व्हायला हवी, कारण राजकन्येला माहीत आहे आणि आपल्याला नाही. पण स्टॉकटन एक गोष्ट प्रामाणिकपणे करतो. तो झाकल्याचं नाटक करत नाही. दार उघडल्यावर तो उघडपणे वाचकाकडं वळतो आणि विचारतो, आता तुम्ही सांगा. त्याआधी राजकन्येचं मन दोन्ही बाजूंनी कसं ओढलं जात होतं, प्रियकर मरताना बघणं कठीण की दुसरीचा होताना, यावर त्यानं भरपूर जागा खर्च केलेली असते. म्हणजे दारामागं काय हा प्रश्न वरवरचा, खरा प्रश्न राजकन्या कशी बाई आहे हा. तरी लोकांनी त्याला सोडलं नाही. उत्तर सांगा म्हणून वाचक मागं लागले. १८८५ मध्ये त्यानं त्याला जोडून दुसरी कथा लिहिली, तीत पुन्हा एक न सुटणारं कोडं घातलं, आणि पहिल्याचं उत्तर काही दिलंच नाही. हा कोड्याचा प्रकार आहे, तो एकदा चालतो. प्रत्येक वार्षिकांकात चालत नाही, हे माझं स्पष्ट मत.

मैत्रिणीकडं परत येते. सहा जणांनी वैतागल्यावर तिनं दुसरा ड्राफ्ट केला आणि सगळंच सांगून टाकलं. माय संध्याकाळी येते, सुनंदा धावत जाऊन मिठी मारते, दोघी रडतात, माय म्हणते, 'पोरी, तू शिक, मी आहे ना.' आता फसवणूक नव्हती, पण वाचून झाल्यावर कोणी काहीच बोललं नाही. एकजण म्हणाला, 'छान आहे.' लिहिणाऱ्याला 'छान आहे' किती लागतं ते लिहिणाऱ्यालाच माहीत. आमच्यातल्या एकीनं झाडीपट्टी नाटकाची आठवण काढली. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव फिरतात, रात्रभर नाटक चालतं, आणि पहाट होईस्तोवर खलनायकाचा निकाल लागलेला असतो. रात्रभर थंडीत बसलेल्या माणसाला तो निकाल द्यावाच लागतो. पण आठ पानांची कथा म्हणजे रात्रभराचं नाटक नाही. एवढ्या जागेत घडवलेला निकाल चिकटवल्यासारखा दिसतो.

मग बदल काय केला? तिनं घटना बंद केली आणि अर्थ उघडा ठेवला. हे वाक्य ऐकायला सोपं आहे, म्हणून नेमकं काय केलं ते सांगते.

पहिलं म्हणजे माय येते. शेवटाच्या बरंच आधी, एका साध्या वाक्यात, साडेतीन वाजता. वाघाचा प्रश्न तिथं संपला. आठ पानं ज्याची धास्ती घेतली ते एका ओळीत मिटतं, आणि वाचकाचा श्वास मोकळा होतो. गंमत म्हणजे तो मोकळा झाल्यावरच त्याला दुसरं काही दिसायला लागतं. 'जिवंत आहे का' हा प्रश्न एवढा मोठा असतो की तो उभा असेपर्यंत शेजारचा कुठलाच बारीक प्रश्न ऐकू येत नाही. म्हणून उघडा शेवट करायचा असेल तर आधी सगळ्यात मोठ्या आवाजाचा प्रश्न मिटवून घ्यावा लागतो.

दुसरं, उशीर का झाला हे मायला सांगायला वेळच उरत नाही. फळी संध्याकाळी बंद होणार, पानं त्याच दिवशी द्यायची, आणि ओझं सगळं सुटं. त्यामुळे मायलेकी बोलत नाहीत, बांधत बसतात. इथं गप्प राहण्याला कारण आहे. पुष्कळ कथांत शेवटी पात्रं उगाच गप्प होतात, कारण बोलली तर लेखकाची पंचाईत. इथं घड्याळ त्यांना गप्प करतं, आणि ते घड्याळ आपल्या भागातल्या प्रत्येक घराला ओळखीचं आहे.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: शेवटचं चित्र बाहेरून आणलेलं नाही. पहिल्या ड्राफ्टमधल्या बॅटरीचा आधीच्या आठ पानांत कुठंच पत्ता नव्हता. शेवटच्या प्रसंगासाठी ती दुकानातून आणल्यासारखी होती. तिसऱ्या ड्राफ्टमध्ये तिनं पान घेतलं. पान तर कथेत पहिल्यापासून होतंच. तिनं एवढंच केलं की बाबांना एक सवय दिली. बाबा पुडा बांधताना सत्तरऐवजी एकाहत्तर पानं ठेवायचे. एखादं पान फाटकं निघालं तर फळीवरचा माणूस पुडा बाजूला काढतो, मग एक जास्तीचं बरं. माय त्यावर कुरकुरायची: रोजचे शंभर पुडे, म्हणजे शंभर पानं फुकट, त्यात एक अख्खा पुडा आणि वर तीस पानं होतात. हा उल्लेख दुसऱ्याच पानावर, भांडणाच्या गमतीत येतो. वाचक हसतो आणि पुढं जातो. तिथं ती नुसती एका घरातली सवय आहे.

दुसऱ्यांदा ती मध्यावर येते. बाबा गेल्यानंतरचा पहिला हंगाम. सुनंदा बांधत असते, माय विचारते, 'सत्तरच ना वो?' ती म्हणते, 'सत्तरच.' एवढंच. आता त्या आकड्यात थोडं वजन आलं. घर काटकसरीवर आलंय, आणि बाबांची सवय कोणी चालवायची नाही असं न बोलता ठरलंय.

आणि तिसऱ्यांदा शेवटी. तो भाग मी तिच्या कथेतून जसाच्या तसा देते.

'माय साडेतीन वाजता आली. डोक्यावरचं ओझं तिनं ओट्यावर टाकलं आणि ती खांबाला टेकून बसली. "त्या बाजूनं गेली होती का?" सुनंदानं विचारलं. माय काही बोलली नाही. तिनं पायातला काटा काढला आणि पानं पुढं ओढली. फळी बंद व्हायला दोन तास होते. दोघी बांधत राहिल्या. शेवटच्या पुड्याची सत्तर पानं सुनंदानं मोजली. माय तिच्या हाताकडं बघत होती. सुनंदानं दोरी खाली ठेवली, ढिगातलं आणखी एक पान उचलून वर ठेवलं, आणि मग गाठ मारली.'

इथं कथा संपते.

काय घडलं याबद्दल शंका नाही. पानं एकाहत्तर झाली. मायनं ते बघितलं. कुठंही 'जणू' नाही, 'असावं' नाही, टिंबं नाहीत. पण हे वाचल्यावर आमच्यात भांडण लागलं. दोघं म्हणाले, म्हणजे ही आता कुठं जात नाही, बाबांची जागा तिनं घेतली, पेटीतला फॉर्म पेटीतच राहणार. एकजण म्हणाली, अजिबात नाही, हा निरोप आहे. उद्या तारीख आहे, जायच्या आधी तिनं बाबांच्या पद्धतीनं एक शेवटचा पुडा बांधला. आणखी एकाचं म्हणणं, ती मायवर चिडलीय. बाबा जिथं गेले त्या बाजूला माय मुद्दाम गेली, आणि ही तिला दाखवतेय की सांभाळून राहणं म्हणजे काय असतं. 'मग ती आली का नाही' असं कोणी विचारलं नाही. 'तिनं असं का केलं' असं विचारलं. प्रश्नाचा शब्दच बदलला होता, आणि आपला शेवट कुठल्या जातीचा झालाय हे ओळखायला मला याहून चांगली खूण माहीत नाही. दोन-तीन जणांना कथा वाचायला द्या, तुम्ही काही बोलू नका, फक्त त्यांचा पहिला प्रश्न लिहून घ्या.

रशियन लेखक चेखवनं १८८८ मध्ये आपल्या प्रकाशक मित्राला, सुवोरिनला, एक पत्र लिहिलं होतं. त्याचा आशय असा की प्रश्न सोडवणं आणि प्रश्न नीट मांडणं या दोन गोष्टींची गल्लत होते. लेखकाकडून मागायचं ते दुसरं. लोक यातलं फक्त 'सोडवायची गरज नाही' एवढंच उचलतात. 'नीट मांडणं' हा भाग सोडून देतात, आणि सगळी मेहनत त्यातच असते. सुनंदाच्या कथेत उद्याची तारीख आधीच्या पानांत सांगितली नसती, तर निरोपाचं वाचन शक्यच नव्हतं. बाबांची सवय सांगितली नसती, तर एकाहत्तरावं पान म्हणजे मोजणीतली गडबड ठरलं असतं. प्रत्येक वाचनाला कथेतच पुरावा हवा. 'वाचकानं काहीही अर्थ लावावा' असं म्हणणाऱ्या कथेत बहुतेक कुठल्याच अर्थाला पुरावा नसतो. दोन किंवा फार तर तीन वाटा दिसल्या पाहिजेत, आणि त्या दोन्ही चालत जाता आल्या पाहिजेत.

आपल्या सिनेमात याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण 'फँड्री'. नागराज मंजुळेंच्या या सिनेमाच्या शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्या दिशेनं, आणि पडदा काळा होतो. थिएटरातून बाहेर पडताना 'दगड लागला का' असं कोणी विचारलं नसेल. पण तो दगड आपल्याला का, हा प्रश्न घेऊन सगळे निघाले. आणि बघा, जब्याच्या हातात गलोल आणि दगड आपण सुरुवातीपासून बघतोय. काळी चिमणी मिळवायला तो रानोमाळ नेम धरत फिरतो. शेवटी फक्त नेमाची दिशा बदलते. 'सैराट'मध्येही तेच. कोण मेलं, कोणी मारलं, याबद्दल काहीच संशय ठेवलेला नाही. रक्तात बुडालेली छोटी पावलं बाहेर जातात, आणि त्या पोराचं पुढं काय, एवढंच उरतं.

पण सिनेमा बघून कथेचा शेवट लिहायला बसलात तर एक अडचण येते. कॅमेरा चित्र दाखवून गप्प बसू शकतो. कथेत चित्रसुद्धा शब्दांतच येतं, आणि शब्दांना गप्प बसायची सवय नसते. मैत्रिणीच्या तिसऱ्या ड्राफ्टमध्ये गाठ मारल्यानंतर आणखी एक ओळ होती: 'तिला बाबांची आठवण आली.' ती ओळ खोटी नव्हती, पण तिनं तीनपैकी दोन वाटा बंद करून टाकल्या. आम्ही ती बोटानं झाकून वाचली आणि कथा एकदम मोठी झाली. हा प्रयोग जरूर करा. आपल्या कथेची शेवटची ओळ झाका, मग शेवटून दुसरी झाका. जिथं झाकल्यावर काहीच कळेनासं होतं, त्याच्या एक ओळ खाली थांबायचं. पुष्कळदा खरा शेवट आपण ठरवलेल्या शेवटाच्या दोन-तीन वाक्यं आधीच होऊन गेलेला असतो.

उलट चूकही होते. चित्र रुजवायचं म्हणून काहीजण ते इतक्या वेळा आणतात की चौथ्या पानावरच वाचकाला शेवट दिसायला लागतो. एकाहत्तरावं पान पाच वेळा आलं असतं तर ते चिन्ह म्हणून मिरवायला लागलं असतं. दोनदा पुरे. त्यातलं पहिलं इतकं साधं हवं की वाचकाला ते खास काही म्हणून लक्षातही राहू नये. जेम्स जॉइसच्या 'द डेड' या लांब कथेचा शेवट बर्फ पडण्यावर आहे आणि जगभर त्याचं कौतुक होतं. पण कथा सुरू होते तेव्हा नायक दारात उभा राहून बुटांवरचा बर्फ झटकत असतो, आणि मधे कुणीतरी सहज म्हणतं की आयर्लंडभर बर्फ पडतोय असं सकाळी पेपरात वाचलं. झालं, एवढीच तयारी. त्याच्याच 'एव्हलिन'मध्ये घरातून पळून जायला निघालेली मुलगी बंदरावर लोखंडी कठडा घट्ट धरून उभी राहते, बोटीवर चढत नाही. ती जात नाही हे आपल्याला दिसतं. भीतीनं, की मरणाऱ्या आईला दिलेल्या शब्दामुळे, यावर लोक शंभर वर्षं वाद घालताहेत. कारण दोन्हींची बीजं चारच पानांच्या कथेत आहेत.

सगळ्या कथांना असा शेवट शोभत नाही, हेही सांगायला हवं. पहिल्या ओळीतच 'खून कोणी केला' असं विचारून बसलात, तर शेवटी खुनी दाखवावाच लागेल. तो सौदा तुम्ही स्वतः केलेला असतो. आणि आपल्या भागात वाघाच्या हल्ल्याची गोष्ट लिहिताना तर मला आणखी एक खटकतं. ज्या घरात माणूस खरंच परत आलेलं नाही, त्या घरातल्या कुणी ती कथा वाचली, आणि आपण 'आली की नाही' यावर सस्पेन्स खेळत बसलोय, तर? तिथं तीन टिंबं नुसती कच्ची दिसत नाहीत, निर्दयही दिसतात. मैत्रिणीनं पहिला ड्राफ्ट टाकला त्यात हेही एक कारण होतं. ती ज्या गल्लीत राहते तिथं असं घर आहे.

अंकाच्या छपाईच्या वेळी एक प्रकार झाला. कथेचा शेवट नेमका पानाच्या तळाला आला. प्रूफ तपासणाऱ्या सरांनी तिला बोलावलं आणि विचारलं, 'अगं, शेवटचं पान राहिलं का तुझं?' तिला आधी वाईट वाटलं, पण सरांचंही चुकलं नव्हतं. गाठ मारली, पान संपलं, खाली काहीच नाही. कोणालाही पुढचा कागद हरवल्यासारखं वाटेल. तिनं कथेत काही वाढवलं नाही. मांडणी करणाऱ्याला सांगून वरचा एक फोटो थोडा लहान करून घेतला. कथा पानाच्या दोन-तीन इंच वरच संपली, खाली एक छोटा चौकोन आला, आणि उरलेली जागा कोरी राहिली. सरांनी दुसरं प्रूफ वाचलं. खाली सही केली आणि तिला विचारलं, 'ती फॉर्म भरते ना गं?'